गोधडीचा टाका व्हिडिओत दिसावा म्हणून

नमस्कार. आज मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे, हाताने शिवलेल्या गोधडीबद्दल. माझी मावशी गोधड्या शिवते आणि तिच्या ऑनलाइन दुकानाचे व्हिडिओ मी मोबाइलवर काढते. पहिले पाच-सहा व्हिडिओ बघून लोक विचारायचे, "ही मशीनवरची आहे का?" मावशी चिडायची. चूक माझ्या उजेडाची होती.

मी गोधडी पलंगावर पसरायची, वरचा ट्यूबलाइट लावायची आणि उभी राहून वरून चित्रण करायची. उजेड वरून सरळ पडला की टाक्याच्या खळग्याला सावलीच पडत नाही. धावदोऱ्याची ओळ आणि दोन ओळींमधला फुगवटा, दोन्ही सपाट होतात. एवढी जाड गोधडी छापील चादरीसारखी दिसते.

आता मी गोधडी खिडकीजवळ जमिनीवर पसरते आणि खिडकीच्या वरच्या भागावर चादर बांधते. मग उजेड फक्त खालच्या भागातून, कापडाला जवळजवळ घासत येतो. बरोबर पडतोय का, हे बघायला एक पेन्सिल गोधडीवर उभी धरा. तिची सावली पेन्सिलीच्या दुप्पट-तिप्पट लांब पडली की टाके उठून दिसतात. खिडकीत थेट ऊन येत असेल तर पांढरी पातळ ओढणी लावा, नाहीतर सावल्या काळ्याकुट्ट होतात. खिडकीपासून लांबची बाजू अंधारी वाटली तर तिकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. पण तो अगदी जवळ आणू नका. सावली पूर्ण भरून निघाली की गोधडी परत छापील चादरीसारखी दिसते.

आणि घरातले दिवे बंद करा. हे मी एक गोधडी परत आल्यावर शिकले. मावशीने जुन्या नऊवारीची मरून गोधडी शिवली होती. मी खिडकीच्या उजेडात पिवळा बल्बही लावून ठेवला होता. व्हिडिओत ती विटकरी दिसली, घरी पोचली तेव्हा जांभळटाकडे झुकणारी. खिडकीचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा. मोबाइल दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही, एकाला पांढरा धरतो आणि दुसऱ्याचा रंग कापडावर चढतो.

गडद गोधडीची आणखी एक खोड आहे. पडदाभर काळं किंवा मरून कापड आलं की मोबाइलला वाटतं उजेड कमी आहे. मग तो चित्र उजळ करतो आणि काळा राखाडी होतो. पांढऱ्या कापडावर उलटं होतं, ते मळकट दिसतं. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर, जिथे कापड दिसतं तिथे, बोट दाबून धरायचं. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात, बहुतेक अँड्रॉइड फोनवर कुलूप दिसतं. मग शेजारची सूर्याची खूण सरकवून, समोरच्या खऱ्या कापडाशी जुळेल इतका उजेड कमी-जास्त करायचा. कुलूप न लावता घडी उलगडलीत तर प्रत्येक नव्या रंगाच्या तुकड्याला अख्खं चित्र उजळ-अंधारं होत राहतं.

त्याच मरून गोधडीचा नवा व्हिडिओ 40 सेकंदांचा आहे. सुरुवातीला फोन कापडापासून वीतभर अंतरावर, तिरका. मावशीचं बोट एका टाक्याच्या ओळीवरून सावकाश फिरतं. बोटामुळे टाक्याचं माप कळतं आणि ओळ जराशी वाकडी आहे हेही दिसतं. ती लपवायची नाही, मशीनची ओळ अशी वाकत नाही. मग फोन जमिनीलगत, गोधडीच्या चौपदरी घडीच्या उंचीला. मावशी तळहाताने घडी दाबते, सोडते, घडी परत वर येते. जाडी दाखवायला इंच सांगण्यापेक्षा हे बरं. वरून घेतलेलं दृश्य फक्त एकदाच, ठिगळांची अख्खी रचना कळावी म्हणून. त्यासाठी मी स्टुलावर चढते आणि माझीच सावली कापडावर पडते की काय हे आधी बघते. शेवटी उलटी बाजू. गिऱ्हाईक घरी आल्यावर आधी तीच बघतं.

दिवसा नोकरी असते, संध्याकाळीच वेळ मिळतो, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. चालेल. खिडकीच्या जागी एकच एलईडी दिवा जमिनीलगत ठेवा, पुढे ओढणी, बाकी सगळं तेच. पण स्वस्त एलईडी आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, व्हिडिओत मात्र आडवे पट्टे सरकताना दिसतात. तसं झालं तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 ठेवा. प्रो मोड नसेल तर दिवा बदलून बघा, आणि चित्रणाआधी दहा सेकंदांचा तुकडा काढून मोठ्या पडद्यावर बघून घ्या. फोनच्या छोट्या पडद्यावर हलके पट्टे सुटून जातात.