अंतर बरोबर, बिंदू चुकलेले

दहावीच्या गणित भाग २ मधल्या निर्देशक भूमितीची ही एक झेरॉक्स वर्कशीट. ग्रिड छापलेलंय, त्यावर A आणि B असे दोन ठिपके, खाली प्रश्न इतकाच की AB चं अंतर काढा आणि मध्यबिंदू काढा.

आता अक्षाकडे नीट बघा. ० नंतर दोन घरं सोडून ४ छापलंय, मग ८. म्हणजे एक घर = २. पण पोरं घरं मोजतात, आणि A ला (−3, 1) लिहून मोकळी होतात! A पासून सरळ खाली X-अक्षावर या, तिथे −४ च्या एक घर डावीकडे, म्हणजे −६. मग आडवं Y-अक्षावर जा, ० आणि ४ च्या बरोबर मधे, म्हणजे २. तर A (−6, 2), आणि तसंच वाचलं की B (2, 8).

d = √((x₂ − x₁)² + (y₂ − y₁)²)

इथे 2 − (−6) = 8, याचं 2 − 6 करायचं नाही, कंस टाकाच. मग 8 − 2 = 6. चौसष्ट अधिक छत्तीस, शंभर, अंतर १०.

खरी गंमत पुढेय. समजा कुणी x आणि y ची अदलाबदल केली, A (2, −6) आणि B (8, 2) लिहिलं, तरी अंतर १०च येतं, कारण ६ आणि ८ नुसते जागा बदलतात आणि वर्गांची बेरीज तीच राहते, त्यामुळे उत्तराच्या पानाशी जुळतं आणि पोरगं खुशीत पुढे जातं. हे सूत्र असल्या चुका पोटात घालतं.

मध्यबिंदू मात्र घालत नाही. अदलाबदल केलेल्याचा येतो (5, −2), आणि तो ग्रिडवर टाकला तर X-अक्षाच्या खाली जातो, जेव्हा AB रेघ पूर्ण अक्षाच्या वरच आहे. बरोबर वाचलेल्याचा येतो (−2, 5), तो रेघेवरच बसतो. हां, पण y = ५ इथे रेषांचा छेद नाहीये, ४ आणि ६ च्या मधे घराच्या अर्ध्यात ठिपका द्यायचा. बरीच जण तो उगाच जवळच्या छेदावर सरकवतात.

घरं मोजण्याची चूक मात्र मध्यबिंदूनेही सापडत नाही, कारण तो टाकतानाही घरंच मोजली जातात. तिथे कागदाची पट्टी घ्या, A आणि B वर खुणा करा, पट्टी X-अक्षावर शून्यापासून ठेवा. दुसरी खूण ८ च्या पुढे एक घर, म्हणजे १० वर यायला हवी. इथे मोजपट्टी नको, झेरॉक्समधे ग्रिड लहानमोठं झालेलं असू शकतं, पट्टीला त्याने फरक पडत नाही. फक्त घरं चौरस हवीत, कॉपी एका बाजूला ताणली गेली असेल तर पट्टीही फसवते.