नाव कंपनीचं, पत्ता कुणाचा?

[दृश्य: पुण्यातली कॉट बेसिसची खोली. टेबलावर प्रिंट काढलेलं ऑफर लेटर.]

हे पत्र ९ जूनला मेलवर आलं. वर लोगो, खाली गोल शिक्का, एचआर मॅनेजरची सही, वर्षाला ४ लाख २० हजार पगार. लातूरहून पुण्याला आलेल्या एका इंजिनिअर मुलीच्या नावाने. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर झाली, तीही टाइप करून. ते तिला खटकलं, म्हणून तिने कंपनीची चौकशी केली.

[क्लोजअप: पत्राच्या तळाशी छापलेला CIN. शेवटचे सहा आकडे झाकलेले.]

हा कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, २१ अक्षरांचा. `U72200MH1998PTC`, आणि पुढे सहा आकडे. U म्हणजे कंपनी शेअर बाजारात नाही. 72200 हा सॉफ्टवेअर धंद्याचा कोड. MH महाराष्ट्र, 1998 स्थापनेचं वर्ष, PTC प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर तिने हा क्रमांक टाकला. नाव जुळलं, पत्ता जुळला, कंपनी चालू आहे असंही दिसलं.

ती इथेच निर्धास्त झाली. पण हा क्रमांक लेटरहेडवर छापणं कंपन्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तो कुणालाही उतरवून घेता येतो. त्यावरून अशी कंपनी आहे, एवढंच कळतं. हे पत्र त्या कंपनीनेच पाठवलं का, ते कळत नाही.

[स्क्रीन: दोन वेबसाइट शेजारी शेजारी. रंग, फोटो, मजकूर सारखेच.]

डावीकडची खरी, उजवीकडची नक्कल. आम्ही एकेक पान उघडून पाहिलं. संचालकांचे फोटो तेच, ग्राहकांची यादी तीच. वेगळं होतं ते फक्त ‘संपर्क’ पान. लँडलाइन गायब, तिथे मोबाइल नंबर. अ‍ॅड्रेस बारमधलं कुलूप दोन्हीकडे आहे. ते कुलूप तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढंच सांगतं. पलीकडे कोण बसलंय याची ते हमी देत नाही. त्याचं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं.

[क्लोजअप: अ‍ॅड्रेस बार. कर्सर सावकाश डावीकडे सरकतो.]

आता पत्ता वाचू. `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबायचं, आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे यायचं. समजा खरी कंपनी `example.com` आहे. मग `careers.example.com` तिचंच, कारण शेवटचे दोन तुकडे तेच आहेत. पण `example-careers.com` हा पूर्ण वेगळा पत्ता, कुणीही विकत घ्यावा असा. मध्ये टिंब आहे की आडवी रेघ, यावर सगळं ठरतं. शेवट `.co.in` असेल तर दोनऐवजी तीन तुकडे पाहायचे. मुलीला आलेल्या मेलमध्ये @ च्या पुढे असाच आडव्या रेघेचा पत्ता होता.

[स्क्रीन रेकॉर्डिंग: `lookup.icann.org`. पत्ता टाइप होतो, माहिती उघडते.]

हा पत्ता कधी घेतला गेला, ते इथे दिसतं. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, तारीख मात्र दिसते. ‘Created’ पुढची तारीख पाहा: २१ मे. कंपनी १९९८ची, आणि तिच्या नावाचा हा पत्ता पत्राच्या जेमतेम १९ दिवस आधीचा. नुसत्या तारखेवर निकाल देऊ नये. जुन्या कंपन्याही कधी नवा पत्ता घेतात, आणि भामटे जुने पत्ते विकत घेतात. पण नवी तारीख, आडवी रेघ आणि टाइप करून घेतलेली मुलाखत हे तिन्ही एकत्र आले, की थांबायलाच हवं.

इतकं पाहायला पाच मिनिटं पुरतात. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ऑफर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने ती द्यायलाच हवीत. आमचं हे आग्रहाचं सांगणं आहे.

[दृश्य: खऱ्या कंपनीचा स्वागतकक्ष. फोन वाजतो.]

खात्री करायची ती इथे. पत्रातल्या नंबरवर फोन लावला तर भामटाच उचलणार. नंबर खऱ्या वेबसाइटवरून घ्यायचा. आम्ही लावला. एचआरने पत्र पाहिलं आणि सांगितलं, असं पदच आमच्याकडे नाही.

[दृश्य: मोबाइलवर यूपीआयची पावती. नाव झाकलेलं.]

लॅपटॉपची ‘परत मिळणारी’ अनामत म्हणून तिने १४,५०० रुपये भरले होते, तेही एका व्यक्तीच्या खात्यात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार झाली, पण चौथ्या दिवशी. तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते.

[स्क्रीन: तेच नोंदणीचं पान, खाली सरकतं.]

बनावट साइट अजून चालू असेल, तर याच पानावर खाली ‘Abuse contact email’ असतो. पत्ता विकणाऱ्या कंपनीचा हा तक्रारीचा मेल. ऑफर लेटर, आलेला मेल आणि खऱ्या साइटची लिंक जोडून तिथे लिहायचं, आणि `cybercrime.gov.in` वरही नोंदवायचं.