इंडक्शनच्या काचेवर करपलेला कुंदा

भगिनींनो, बेळगावात घरी कुंदा आटवताना दूध उतू जाऊन पातेल्याखाली शिरते, हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आज फक्त या एकाच डागाविषयी बोलायचे आहे, कारण त्यात दूध आणि साखर दोन्ही असतात आणि काचेला खरा धोका साखरेचा असतो. वितळलेली साखर काचेला घट्ट चिकटते, आणि गार होताना आकसली की काचेचा बारीक कपचा उपटून काढू शकते. असा पडलेला खळगा कोणत्याही उपायाने भरून निघत नाही.

म्हणून साखरेचे उतू गेले की शेगडी बंद करून पातेले उचलावे, हाताला जाड कापड गुंडाळावे आणि पाक मऊ आहे तोवर लांब दांड्याच्या खरवडणीने तो गरम भागाबाहेर सारावा. पाक गार होऊन कडक झालाच असेल, तर तो उचकटू नये. प्लग काढून कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके त्यावर ठेवावे आणि साखर विरघळेपर्यंत ते बदलत राहावे. पाणी मात्र ओतू नये, कारण शेगडीखालच्या पंख्याच्या फटींतून ते आत जाते.

साखर गेल्यावर दुधाचा काळा थर उरतो. तीन चमचे खाण्याच्या सोड्यात एक चमचा पाणी कालवून तो लेप गार काचेवर पसरावा आणि वर ओले फडके वीस मिनिटे ठेवावे. मग धारेला खाच नसलेले, धारकात बसवलेले ब्लेड साधारण तीस अंशांत कलते धरून, ओल्या काचेवर पुढे ढकलत थर सोलावा. ब्लेडने चरे पडतील अशी भीती अनेकींना वाटते, पण ही काच पोलादापेक्षा थोडी कठीणच असते. चरा पडतो तो ब्लेडचा कोपरा टेकल्याने किंवा खाली वाळूचा कण राहिल्याने. बटणांवरच्या छापील पट्टीवर मात्र ब्लेड लावू नये.

राखेने भांडी घासण्याची आपली सवय इथे सोडावी लागते, कारण राखेत मिसळलेली वाळू काचेपेक्षा कठीण असते. तारेची घासणीही नको. सोड्यात व्हिनेगर मिसळू नये, दोन्हींचा जोर एकमेकांत संपतो. सोडा पुसून झाल्यावर पाण्याचा पांढरा डाग राहिलाच, तर त्यावर वेगळे व्हिनेगर लावावे.

शेवटी काच कोरडी करून उजेडात तिरपी पाहावी. राखाडी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवावे. नख अडले नाही, तर बहुधा तो भांड्याच्या धातूचा डाग असतो आणि तो काचेसाठीच्या मलमाने निघतो. नख अडले, तर तो चरा आहे आणि घासून जाणार नाही. तडा दिसला, तर ती शेगडी पुन्हा लावूच नये, मग तडा केसाएवढा का असेना.