एकाचा रिपोर्ट, अख्ख्या घराची तपासणी

नमस्कार मंडळी. आज एका पेशंटची गोष्ट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वय 39, दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली, आणि माझ्याकडे आला तेव्हा हातात ताजा रिपोर्ट, चेहऱ्यावर समाधान. म्हणाला, डॉक्टर, कोलेस्टेरॉल काय फार नाहीये, ते वाईटवालं एलडीएल 142 आहे. मी पण पहिल्यांदा तो आकडा बघून पुढच्या पानावर गेलोच होतो, आणि मग लक्षात आलं की हा माणूस दोन महिने रोज न चुकता कोलेस्टेरॉल कमी करणारी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची 80 ची गोळी घेतोय.

इथे थांबायला हवं. स्टॅटिनच्या एवढ्या डोसने एलडीएल साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे गोळी घेऊन 142 असेल तर गोळीशिवाय तो 280 च्या आसपास असणार, आणि 280 हा काही "थोडा जास्त" आकडा नाही. अटॅकच्या वेळचा रिपोर्ट बघावा तर तोही फसवा असू शकतो, कारण अटॅकनंतर एखाद्या दिवसात एलडीएल आपोआप खाली उतरायला लागतो आणि काही आठवडे तसाच राहतो. मग मी त्याला म्हटलं, घरी जुनी फाईल असेल तर शोधून आणा. त्याने सात वर्षांपूर्वीचा, नोकरीत लागताना केलेला रिपोर्ट आणला. एलडीएल 281. ट्रायग्लिसराईड एकदम नॉर्मल. त्यावर कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, तेलकट कमी खा.

ह्या आजाराचं नाव लांबलचक आहे, फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, आपण एफएच म्हणू. आपल्या लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात, हुक समजा, ते रक्तातलं एलडीएल उचलत राहतात. एफएचमध्ये आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या एका जीनमध्ये दोष असतो, बहुतेक वेळा ह्या रिसेप्टरच्याच जीनमध्ये, त्यामुळे निम्मे हुक नीट काम करत नाहीत आणि एलडीएल रक्तात साचत जातं. आणि हे चाळिशीत सुरू होत नाही हो, जन्मापासून असतं. म्हणजे ह्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांनी 39 वर्षं ते झेललंय. म्हणून नुसतं पथ्य करून हा आकडा नॉर्मलला येत नाही, आणि बारीक, रोज धावणाऱ्या माणसालाही एफएच असू शकतं. साधारण 250 माणसांमागे एकाला हे असतं, बहुतेकांना माहीतच नसतं.

संशय कधी घ्यायचा? मोठ्या माणसाचा औषधाशिवायचा एलडीएल 190 च्या वर असेल तर हा विचार मनात यायलाच हवा. पण लगेच शिक्का मारायचा नाही, आधी थायरॉइड कमी आहे का, लघवीतून प्रोटीन जातंय का, लिव्हरचा काही त्रास आहे का हे बघायचं, कारण त्यानेही एलडीएल चढतो. ह्याचं ते सगळं नॉर्मल होतं. मग मी त्याला बूट-मोजे काढायला सांगितले. टाचेच्या मागे वर जे दोरीसारखं लागतं ना, अकिलीस टेंडन, ते दोन्ही पायांचं जाड आणि गाठाळ झालं होतं. त्याला वाटत होतं बुटामुळे झालंय. त्या गाठी कोलेस्टेरॉलच्या असतात, त्यांना झॅन्थोमा म्हणतात, हाताच्या मागे बोटांच्या टेंडनवरही येतात. सगळ्यांनाच येत नाहीत, त्यामुळे गाठी नाहीत म्हणजे एफएच नाही असं समजू नका, पण असल्या तर फारशी शंका उरत नाही.

मग विचारलं, वडील? वडील 46 व्या वर्षी झोपेत गेले. घरात सगळे म्हणायचे टेन्शन होतं खूप.

ह्यासाठी डॉक्टर लोक एक स्कोअर वापरतात, डच लिपिड क्लिनिकचा. 281 चे 5 पॉइंट, टेंडनच्या गाठींचे 6, स्वतःला कमी वयात हृदयविकार त्याचे 2, वडिलांचा 1. झाले 14. आठच्या वर गेलं की निदान पक्कं धरतात.

आता खरं काम पुढे आहे आणि बऱ्याचदा तेच राहून जातं, कारण पेशंट समोर असतो आणि नातेवाईक समोर नसतात. एफएच असलेल्या माणसाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि प्रत्येक मुलाला ते असण्याची शक्यता निम्मी निम्मी, नाणं उडवल्यासारखी. मी कागदावर वंशावळ काढायला बसलो. आईचा एलडीएल 118, म्हणजे दोष वडिलांच्या बाजूने आला, शोध तिकडे. मोठा भाऊ 42 वर्षांचा, गोळी काही नाही, एलडीएल 104. तो सुटला, आणि त्याच्या मुलांनाही ह्या कारणासाठी तपासायची गरज उरली नाही, कारण हा दोष पिढी गाळून उडी मारत नाही. बहीण 35 ची, एकदम फिट, यायलाच तयार नव्हती, तिचा 236. पेशंटची स्वतःची मुलगी 12 वर्षांची, 214. मुलगा 7 वर्षांचा, 88.

मुलीचं ऐकून तिची आई रडायला लागली, साहजिक आहे. पण त्या मुलीच्या रक्तवाहिन्या अजून चांगल्या आहेत आणि स्टॅटिन साधारण 8 ते 10 व्या वर्षापासून देता येतं, त्यामुळे आजोबांच्या वाट्याला जे आलं ते तिच्या वाट्याला येण्याआधी आपल्या हातात कितीतरी वर्षं आहेत. बहिणीला मी एवढं वेगळं सांगितलं की पुढे प्रेग्नन्सीचा विचार असेल तर आधी भेटा, स्टॅटिन तेव्हा सहसा थांबवतात.

आकड्यांबद्दल एक गोष्ट. घरात एफएच ठरलेलं असेल तर नातेवाइकांसाठी 190 ची वाट बघायची नाही, विशीतल्या भावंडाचा 170 सुद्धा संशयास्पद धरतात. मधलेच आकडे आले की जीन टेस्टचा उपयोग होतो, पण पेशंटमध्ये कुठला दोष आहे हे आधी सापडलेलं असेल तरच नातेवाइकाची निगेटिव्ह टेस्ट खरी निगेटिव्ह. रक्त द्यायला उपाशी राहायचीही बहुतेक वेळा गरज नसते.

मी स्वतः त्याच्या काकांना फोन करू शकत नाही, ती त्याची खाजगी माहिती आहे. म्हणून त्याच्या हातात एक पानाची चिठ्ठी दिली, त्यात त्याचं निदान, त्याचा गोळीशिवायचा आकडा, आणि "तुमचा आणि तुमच्या मुलांचा एलडीएल तपासा, ही चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांना दाखवा" एवढंच. काकांची 57 व्या वर्षी बायपास झालेली, ते आधीच गोळ्यांवर. त्यांचा धाकटा मुलगा 24 वर्षांचा, चिठ्ठी वाचून गेला रक्त द्यायला, गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. 243. त्याला आजपर्यंत काहीही त्रास झालेला नाही, आणि गोळी सोमवारपासून सुरू झालीय.