स्लाइडमधली रिंग आणि कार्डावरची रेघ

मागे बसलेल्यांना पडदा नीट दिसतोय ना? लाइट थोडे कमी करा. हां, आता ठीक आहे.

तर हा फोटो. मलेरियाच्या पेशंटच्या रक्ताचा पातळ स्मियर आहे, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, मिथेनॉलने फिक्स केलेला, गिम्साने रंगवलेला, ऑइल टाकून शंभरच्या लेन्सखाली काढलेला. गुलाबी-करड्या चकत्या दिसतायत त्या तांबड्या पेशी, आणि त्या एकमेकींवर चढलेल्या नाहीत, जेमतेम शेजारी-शेजारी टेकल्यात, म्हणजे फोटो काढणाऱ्याने जागा बरोबर निवडली आहे. स्मियरच्या जाड भागात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात आणि आतलं काही कळत नाही, अगदी शेवटच्या टोकाला त्या ताणून चपट्या होतात, मधला एक पट्टा असतो तोच वाचायचा.

आता या पेशीच्या आत बघा, मी पॉइंटर ठेवतोय तिथे. निळी बारीक कडी आणि कडीवर एक लालसर-जांभळा ठिपका, खड्याच्या अंगठीसारखं. निळं ते परजीवीचं सायटोप्लाझम, लाल तो क्रोमॅटिन म्हणजे केंद्रक, आणि मधलं पोकळ दिसतं ती व्हॅक्यूओल. हीच रिंग. निळा आणि लाल, दोन्ही रंग एकाच आकारात हवेत, ही अट मी कधीच सोडत नाही. कारण इकडे बघा, या पेशीवरही जांभळं काहीतरी बसलंय, नवीन माणूस यालाच परजीवी म्हणतो. ती प्लेटलेट आहे, पेशीच्या वर पडलेली. तिच्याभोवती फिकट वलय आहे, आत दाणेदार आहे, पण निळी कडी नाही. आणि फोकसचं चाक हलवलं की प्लेटलेट पेशीपेक्षा वेगळ्या पातळीवर क्लिअर होते. फोटोत चाक हलवता येत नाही, फोटोवरून मत देताना ही अडचण कायम राहते.

मलेरियाच्या परजीवीच्या जातींपैकी ही फाल्सिपेरमची रिंग आहे असं मी कशावरून म्हणतोय? एकच खूण पुरत नाही, चार-पाच जमल्या की म्हणायचं. रिंग नाजूक आहे, पेशीच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढी. या एकीला दोन लाल ठिपके आहेत, हेडफोनसारखे. इथे एकाच पेशीत दोन रिंगा. ही तर पेशीच्या कडेला चिकटून बसलीय, जणू बाहेरून डकवली. आणि पेशी स्वतः फुगलेली नाही, शेजारच्या निरोगी पेशीएवढीच आहे. व्हायवॅक्स ही दुसरी जात असती तर पेशी मोठी झाली असती, तिच्यात गुलाबी बारीक ठिपके पसरले असते ज्यांना शुफ्नरचे ठिपके म्हणतात, आणि परजीवी अमिबासारखा वेडावाकडा पसरलेला दिसला असता. पण ते ठिपके दिसायला स्टेनच्या पाण्याचा पीएच ७.२ च्या आसपास लागतो. रक्ताच्या बाकीच्या तपासण्यांसाठी लॅबमध्ये ६.८ चं बफर वापरात असतं, त्यात रंगवलं तर ठिपके उठतच नाहीत आणि मग व्हायवॅक्सला फाल्सिपेरम म्हणण्याची चूक होते, मी स्वतः ती केलीय, दुसऱ्या दिवशी नव्या बफरमध्ये तीच स्लाइड परत रंगवली तेव्हा लक्षात आलं.

आता या फोटोत काय *नाही* ते बघा. सगळ्या रिंगाच आहेत. परजीवीचं तांबड्या पेशीतलं चक्र साधारण ४८ तासांचं, म्हणजे रिंग, मग ती वाढून जाड होते, मग आत तुकडे पडून शायझाँट होतो आणि पेशी फुटते. मग मोठे परजीवी गेले कुठे? फाल्सिपेरम वाढायला लागला की पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी आणतो आणि त्या गाठींमुळे पेशी लहान रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून बसते, फिरत्या रक्तातून गायबच होते. त्यामुळे बोटातून किंवा हातातून घेतलेल्या रक्तात मुख्यतः रिंगा दिसतात, आणि कधीकधी केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट. गॅमेटोसाइट म्हणजे डासात जाऊन पुढे वाढणारं रूप, पेशंटला ताप तो आणत नाही. तर स्मियर दाखवतो तो रक्तात *फिरत असलेला* हिस्सा. चिकटून बसलेला मोजता येत नाही.

आता थोडं गणित, ते पुढे कामाला येईल. लेन्सखाली एका वेळी जेवढं दिसतं ते एक फील्ड, अशा फील्डमध्ये साधारण २०० पेशी धरा. आपण १० फील्ड मोजली, २००० पेशी, त्यात रिंग असलेल्या ४६ निघाल्या. रिंगा नाही मोजायच्या हं, रिंग असलेल्या पेशी मोजायच्या, दोन रिंगवाली पेशीही एकच, आणि गॅमेटोसाइट या मोजणीत घ्यायचे नाहीत. २००० त ४६ म्हणजे २.३ टक्के. पेशंटच्या एका मायक्रोलिटरमध्ये ४० लाख तांबड्या पेशी असतील तर ९२,००० परजीवीग्रस्त पेशी. मलेरियाच्या झटपट तपासणीचं कार्ड असतं ना, ते हा आकडा कधीच देऊ शकत नाही.

बरं मग कार्ड काय करतं? थेंबभर म्हणजे साधारण ५ मायक्रोलिटर रक्त घालायचं, वर बफर. बफरने पेशी फुटतात आणि परजीवीची प्रोटिन्स मोकळी होतात, ती पट्टीतून वाहताना सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडलेल्या अँटिबॉडी त्यांना पकडतात, आणि पुढे पट्टीवर आधीच बसवलेली दुसरी अँटिबॉडी ते सगळं अडवून धरते, सोन्याचे कण तिथे साठतात म्हणून लालसर रेघ. कार्डाला परजीवी दिसतच नाही, त्याला प्रोटिन कळतं. फाल्सिपेरमच्या रेघेसाठी बहुतेक कार्डं एचआरपी-२ नावाचं प्रोटिन पकडतात, दुसऱ्या रेघेसाठी बहुधा एलडीएच, हे सगळ्या मलेरिया परजीवींत असतं. आणि कंट्रोल रेघ उठली की लोक खूश होतात, पण ती एवढंच सांगते की पट्टीतून द्रव वाहिला. रक्त घालायला विसरलात आणि नुसता बफर घातलात तरी ती उठते!

आता एक केस. तिशीतला पेशंट, चार दिवस ताप, पहिल्या दिवशीचा स्मियर हाच, पडद्यावरचा. कार्डावर कंट्रोल, फाल्सिपेरम आणि एलडीएच, तीनही रेघा. तीन दिवसांची औषधं पूर्ण केली, ताप उतरला. बाराव्या दिवशी सर्दी होऊन अंग थोडं गरम लागलं तर कुणीतरी परत कार्ड लावलं आणि फाल्सिपेरमची रेघ ठळक उठली. झालं, औषध लागूच पडलं नाही, जंतू रेझिस्टंट आहे, घरात नुसता गोंधळ. आमच्याकडे स्लाइड आली. २०० फील्ड बघितली, रिंग एकही नाही, दोन केळी मिळाली.

कार्ड आणि स्लाइड, दोन्ही खरं होतं. एचआरपी-२ परजीवी बाहेर टाकतो आणि तो मेल्यावरही ते प्रोटिन रक्तात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, तीन-चार आठवडे तर सहज. एलडीएच हे परजीवीच्या चयापचयाचं एन्झाइम, परजीवी मेले की काही दिवसांत जातं, म्हणून याच्या कार्डावर दुसरी रेघ नव्हती. आणि केळी म्हणजे गॅमेटोसाइट, पिकलेले गॅमेटोसाइट नेहमीच्या औषधांना फारशी दाद देत नाहीत, उपचारानंतरही रेंगाळतात, त्याला उपचार फसला असं म्हणत नाहीत. औषध लागू पडलंय का हे बघायला रिंगा मोजायच्या, एचआरपी-२ ची रेघ बघायची नाही.

पण इथे एक सावधगिरी. "फाल्सिपेरमची एकच रेघ, दुसरी नाही, म्हणजे जुनं इन्फेक्शन" असा शॉर्टकट काढू नका. दुसरी रेघ जात्याच कमी सेन्सिटिव्ह असते, परजीवी थोडे असले की ताज्या आजारातही ती उठत नाही. आधी औषध घेतलंय का हे विचारायचं आणि स्लाइड बघायची.

मघाशी कुणीतरी उलटं विचारलं होतं, कार्ड पॉझिटिव्ह आणि पातळ स्मियर कोरा, औषध तर घेतलंच नाही, मग? एक शक्यता गणिताची. मायक्रोलिटरला १०० परजीवी आणि ५० लाख पेशी धरा, म्हणजे ५०,००० पेशींत एक. २०० पेशींचं एक फील्ड, तर २५० फील्ड बघाल तेव्हा सरासरी एक रिंग मिळेल. म्हणून शोधायला जाड स्मियर, ज्यात थोड्या जागेत जास्त रक्त बघता येतं, ओळखायला पातळ, आणि एका फील्डच्या फोटोवरून "निगेटिव्ह" कुणीही म्हणू नये. दुसरी शक्यता जास्त काळजीची. परजीवींची सगळी पिढी एकाच वेळी मोठी होऊन रक्तवाहिन्यांना चिकटलीय, फिरत्या रक्तात जवळजवळ काही नाही, पण त्यांनी सोडलेलं एचआरपी-२ प्लाझ्मात आहेच, कार्डाला ते कळतं. अशा वेळी १२ ते २४ तासांनी स्लाइड परत करायची, पेशी फुटून नव्या रिंगा आलेल्या असतात.

रेघ गडद म्हणजे परजीवी जास्त, असंही नाही. प्रोटिन फारच जास्त झालं तर दोन्ही अँटिबॉडी त्याच प्रोटिनच्या वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, मधला पूल बनत नाही आणि रेघ उलट फिकट पडते. आणि पाकिटावर लिहिलेली वेळ उलटून गेल्यावर कार्ड वाचू नका, उशिरा फिकट रेघा आपोआपही उमटतात.

शेवटचा मुद्दा, मग चहा. काही फाल्सिपेरममध्ये एचआरपी-२ चं जीनच गळालेलं असतं. पेरूमधून २०१० मध्ये हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं, नंतर इतर देशांतही सापडले. तो परजीवी पूर्ण ठणठणीत असतो, फक्त हे प्रोटिन बनवत नाही. नुसतं एचआरपी-२ वालं कार्ड असेल तर बहुधा निगेटिव्ह. कंट्रोलशिवाय दोन रेघांचं कार्ड असेल तर आणखी फसवं, फाल्सिपेरमची रेघ नाही, एलडीएचची आहे, आणि वाचणारा म्हणतो व्हायवॅक्स आणि औषधही त्याचंच सुरू होतं. स्लाइडमध्ये मात्र पेशी फुगलेल्या नसतात, शुफ्नरचे ठिपके नसतात, एकेका पेशीत दोन-दोन नाजूक रिंगा बसलेल्या असतात, अगदी या पडद्यावर आहेत तशा.