धक्क्यावर थांबण्याची किंमत

नमस्कार श्रोतेहो. पूल, मेट्रो, जिल्हा रुग्णालय असं काही सरकारी पैशातून उभं राहायचं असेल तर त्याआधी लाभ आणि खर्च यांचा ताळेबंद मांडतात. खर्चाची बाजू रुपयांतच असते. लाभाच्या बाजूला मात्र लोकांचा वाचलेला वेळ असतो, टळलेले मृत्यू असतात. त्यांना रुपयांत कसं आणतात, हे आज आपण एका खाडीपुलाच्या उदाहरणातून पाहू. आकडे हिशेबापुरते मी धरले आहेत, रीत मात्र खरी आहे.

समजा, खाडी ओलांडायला आज फक्त तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी बोट आहे. धक्क्यावर सरासरी वीस मिनिटं थांबावं लागतं आणि पलीकडे जायला दहा मिनिटं लागतात. पूल झाला की तेच अंतर पाच मिनिटांत कापता येईल, म्हणजे एका खेपेला पंचवीस मिनिटं वाचली. आता या मिनिटाची किंमत किती?

ती लोकांच्या वागण्यातून शोधतात. स्टँडवर उभ्या माणसापुढे दोन पर्याय असतात : पंधरा रुपयांत चाळीस मिनिटांनी पोचवणारी एसटी, किंवा पस्तीस रुपयांत वीस मिनिटांत नेणारी शेअर रिक्षा. जो रिक्षात बसला, त्याने वीस मिनिटं वाचवायला वीस रुपये जास्त दिले. त्याच्या लेखी मिनिटाला किमान एक रुपया मोल आहे. जो एसटीची वाट पाहत राहिला, त्याच्या लेखी ते एका रुपयाहून कमी आहे. असे शेकडो लोकांचे निर्णय गोळा केले, किंवा त्यांच्यासमोर असे पर्याय मांडून विचारलं, की सरासरी काढता येते. आपण मिनिटाला एक रुपया धरू.

पण सगळी मिनिटं सारखी नसतात. उन्हात धक्क्यावर उभं राहणं आणि तरीत बसून जाणं यांत लोक स्वतःच फरक करतात. थांबण्याचं एक मिनिट टाळायला ते प्रवासातल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट मोजायला तयार असतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून थांबण्याची वीस मिनिटं चाळीस धरायची. त्यात प्रवासाची वाचलेली पाच मिळवली की एका खेपेचा लाभ पंचेचाळीस रुपये होतो.

रोज चार हजार खेपा आजच होत असतील तर त्यांचे एक लाख ऐंशी हजार झाले. पूल झाल्यावर आणखी दोन हजार खेपा नव्याने सुरू होतील असं धरा. या लोकांना पूर्ण पंचेचाळीस रुपये लावायचे नाहीत. तरीच्या त्रासाला कंटाळून ते आजवर जातच नव्हते. त्यांतला एखादा थोडक्यासाठी थांबला होता, त्याला जवळजवळ पूर्ण लाभ मिळतो. एखादा पूल झाला म्हणून कसाबसा निघाला, त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. सरासरी निम्मी, म्हणजे साडेबावीस रुपये. दोन हजार खेपांचे पंचेचाळीस हजार. एकूण दिवसाला सव्वादोन लाख आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पावणेसात कोटी रुपये.

थांबण्याच्या वेळेला दुप्पट वजन दिलं नसतं, तर हाच आकडा पावणेचार कोटींवर आला असता. पूल तोच, माणसं तीच, फक्त धक्क्यावरच्या वीस मिनिटांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. म्हणून प्रकल्प अहवाल हाती आला की मी आधी थांबण्याची आणि चालण्याची वेळ वेगळी मांडली आहे का, ते शोधतो.

कामाच्या वेळेचा हिशेब वेगळा होतो. टेम्पोचा चालक धक्क्यावर पंचवीस मिनिटं अडकला की मालक त्या वेळेचा पगार देतच असतो. तिथे चालकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही, पगार अधिक मालकावर पडणारा भविष्यनिर्वाह निधीसारखा खर्च एवढा धरतात. अडचण येते ती पाटी घेऊन पलीकडच्या बाजाराला निघालेल्या मच्छीवालीची. तिच्याकडे पगारपत्रक नाही. पगाराच्या रकान्यात ती बसत नाही म्हणून तिची मिनिटं शून्य धरली गेली, तर तो हिशेब चुकीचा आहे. तशाच कामाच्या स्थानिक मजुरीवरून तिचा वेळ मोजता येतो आणि तो मोजलाच पाहिजे.

इथे दुसरा गहन प्रश्न येतो. श्रीमंत माणूस मिनिटाला जास्त पैसे मोजायला तयार असतो. प्रत्येकाची किंमत त्याच्या त्याच्या तयारीवरून लावली, तर बंगल्यांच्या वस्तीतला उड्डाणपूल कागदावर नेहमीच कोळीवाड्यातल्या पुलाला हरवेल. ब्रिटनमध्ये कामाव्यतिरिक्तच्या प्रवासासाठी सर्वांना एकच सरासरी किंमत लावण्याची पद्धत बराच काळ चालत आली आहे. मला ती योग्य वाटते. पैसा जर सगळ्यांच्या करातून येत असेल, तर मिनिटाचा भावही सगळ्यांना एक असावा.

आरोग्याच्या बाजूने हाच प्रश्न जास्त टोचतो. पूर्वी टळलेल्या मृत्यूची किंमत त्या माणसाच्या बुडालेल्या कमाईवरून काढत. त्या हिशेबात निवृत्त आजोबा आणि घर सांभाळणारी आई जवळजवळ बिनमोलाची ठरत. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने रस्ते अपघातांतल्या मृत्यूंसाठी ही रीत 1988 मध्ये सोडली आणि धोका कमी व्हावा म्हणून लोक किती मोजतील यावर हिशेब नेला. समजा, दहा हजार माणसांपैकी प्रत्येकाचा मृत्यूचा धोका वर्षाला दहा हजारांत एकाने कमी होणार आहे आणि त्यासाठी प्रत्येक जण हजार रुपये द्यायला तयार आहे. एकूण एक कोटी रुपये जमतात आणि सरासरी एक मृत्यू टळतो. हा एक कोटींचा आकडा कुणा ओळखीच्या माणसाच्या जिवाची किंमत नाही. हजारो लोकांनी आपापल्या वाट्याच्या लहानशा धोक्याला दिलेलं ते एकत्रित मोल आहे.

तरीही वयाचा प्रश्न मागच्या दाराने येतोच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हवा स्वच्छ करण्याच्या एका प्रस्तावाच्या पर्यायी हिशेबात सत्तर वर्षांखालच्या माणसाचा टळलेला मृत्यू 37 लाख डॉलर आणि सत्तरीपुढच्याचा 23 लाख डॉलर धरला होता. ज्येष्ठांच्या संघटना संतापल्या आणि 2003 मध्ये संस्थेने हा भेद सोडून दिला. भविष्यातल्या रकमा आजच्या किमतीत आणणाऱ्या दराला अजून हातही लागलेला नव्हता. केवळ भाव ठरवताना वृद्धांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त घटला होता.

आता पुलाकडे वळू. पहिल्या वर्षाचे पावणेसात कोटी पुढच्या वर्षांत तसेच राहत नाहीत. लोकांचं खरं उत्पन्न, म्हणजे महागाई वगळून, वाढलं की वेळेचं मोलही वाढतं. ते दर वर्षी तेवढं वाढवून लिहायचं, पण महागाई त्यात घालायची नाही. शिवाय पुलामुळे पलीकडच्या जमिनीचे भाव वाढतात, ते लाभात पुन्हा मिळवायचे नाहीत. ते भाव मुख्यतः वाचलेल्या वेळेमुळेच वाढलेले असतात, त्यामुळे तोच लाभ दोनदा मोजला जातो.

असा वर्षावर्षाचा रकाना भरला, की मग भविष्यातल्या रकमा आजच्या किमतीत आणण्याचा दर लावायचा. इथे अनेकदा गफलत होते. रकाना महागाई वगळून भरलेला असतो आणि दर मात्र बँकेच्या कर्जाचा, म्हणजे महागाई धरलेला, लावला जातो. मग महागाईच्या नावाने दूरच्या वर्षांचा लाभ विनाकारण कापला जातो आणि पन्नास वर्षं टिकणारा पूल कागदावर वीस वर्षांचा असल्यासारखा दिसू लागतो. अहवालाच्या परिशिष्टात किमती कोणत्या वर्षाच्या आहेत आणि दर महागाईसह आहे की वगळून, या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर ही चूक लगेच सापडते.