सोन्याला भाव येतो कुठून?

नमस्कार श्रोतेहो. सोन्याला एवढा भाव का, असं विचारलं की हल्ली एक उत्तर हमखास मिळतं: मोबाइल आणि कॉम्प्युटरमध्ये ते लागतं म्हणून. उत्तर पटण्यासारखं आहे, पण हिशोबात बसत नाही.

आजवर खाणींतून काढलेलं सोनं २ लाख टनांहून अधिक आहे. ते गंजत नाही आणि कोणी फेकूनही देत नाही, त्यामुळे बहुतेक सगळं कुठे ना कुठे शिल्लक आहे. उद्योगांना वर्षाला लागतं साधारण ३०० टन. म्हणजे उद्या सगळ्या खाणी बंद पडल्या, तरी कारखान्यांना काही शतकं पुरेल! दुसऱ्या एखाद्या धातूचा एवढा साठा पडून असता, तर त्याचा भाव केव्हाच कोसळला असता.

सोन्याचं तसं होत नाही, कारण हा साठा वापरून संपवायला कोणी ठेवलेलाच नाही. उद्याही कोणीतरी ते घेईल, या भरवशावर लोक आणि बँका ते धरून ठेवतात. या भरवशाला आधार आहे. खाणींतून वर्षाकाठी जी भर पडते ती साठ्याच्या २ टक्क्यांहूनही कमी. भाव कितीही चढला तरी नवं सोनं एकदम बाजारात ओतता येत नाही. पैसा म्हणून ते टिकलं ते यामुळे.

कारखानदाराचा हिशोब अगदी उलटा. चिपमधला सिलिकॉनचा तुकडा बाहेरच्या पायांना जोडायला पूर्वी सोन्याची तार वापरत, केसाहूनही बारीक. सोनं मऊ असतं आणि हवेत खराब होत नाही, म्हणून जोड पक्का बसे. २००८ नंतर भाव वाढत गेला, तशा अनेक कंपन्या तांब्याच्या तारेकडे वळल्या. ते सोपं नव्हतं. तांबं कडक असल्यामुळे दाब जास्त द्यावा लागतो आणि खालचा थर तडकू शकतो. शिवाय जोडताना ते काळवंडू नये म्हणून भोवती नायट्रोजनसारखा वायू सोडावा लागतो. तरीही हा सगळा खटाटोप परवडला. भाव वाढला की उद्योग सोनं कमी करतो. साठवणारा मात्र अनेकदा तेव्हाच जास्त घेतो.

बरं, या भरवशाला कायद्याचा टेकू लागतो का? १९७१ मध्ये अमेरिकेने परदेशी सरकारांना ३५ डॉलरला एक औंस या दराने सोनं देणं थांबवलं. चलनाशी असलेला तो धागा तुटला, तरी जानेवारी १९८० पर्यंत औंसाचा भाव ८५० डॉलरवर गेला.

पण भरवसा ओसरतोही. पुढच्या दोन दशकांत इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा कितीतरी पटींनी फोफावला, आणि सोनं मात्र उतरत राहिलं. १९९९ मध्ये ब्रिटनने आपल्या साठ्यातलं निम्म्याहून जास्त सोनं विकायचं जाहीर केलं, तेव्हा भाव २८० डॉलरच्या आसपास आला होता.